थोडा जास्त थांबलेला हात

स्पर्शातलं बाईला कळतं, असं माझं मत होतं आणि ते मी बरीच वर्षं फार ठामपणे बाळगलं. मैत्रिणींपैकी कुणी चाचरत विचारलं, ‘अगं, तो जरा जास्तच वेळ धरून ठेवतो असं वाटतंय, काही असेल का त्यात?’ की माझं उत्तर तयार असायचं: ‘तुला वाटलं ना? मग आहे.’ हे उत्तर मी आता देत नाही. अर्धं मत अजूनही तसंच आहे आणि अर्धं मी सोडून दिलंय. कुठलं अर्धं सोडलं आणि का, ते सांगायचंय.

मी पुण्यात प्रायोगिक नाटक करते. कधी काम करते, कधी बसवते. आमच्या गटात मिठीला काही किंमतच नाही म्हटलं तरी चालेल, इतक्या मिठ्या होतात. तालमीला आलं की मिठी, निघताना मिठी, तिसऱ्या घंटेच्या आधी विंगेत सगळ्यांची मिळून एक, आणि पडदा पडल्यावर घामाने चिंब कपड्यांनिशी परत सगळ्यांच्या. हे माझ्या घरातलं वळण नव्हे. आमच्याकडे मोठ्यांना वाकून नमस्कार, लहानांच्या डोक्यावरून हात, आणि मुलगी मोठी झाली की वडिलांचा हात फार तर पाठीवर, तोही परीक्षेच्या निकालापुरता. मिठी मी शिकले कॉलेजच्या एकांकिकांमध्ये. भरत नाट्य मंदिराच्या आवारात पुरुषोत्तम करंडकाचा निकाल ज्यांनी ऐकलाय, त्यांना ठाऊक आहे की तिथे जिंकलेले जेवढे गळ्यात पडतात तेवढेच हरलेलेही. पहिल्या वर्षी मी ताठ उभी राहिले होते. दुसऱ्या वर्षापासून मीच आधी हात पसरायला लागले.

तर या सगळ्यात एकाचा हात थांबायला लागला. आमच्या नाटकांची प्रकाशयोजना करणारा मित्र. जुनी ओळख, अरे-तुरेतली. त्याचं घर, बायको, मुलगा, सगळं मला माहीत. मिठी नेहमीसारखीच असायची, पण सुटताना त्याचा उजवा हात माझ्या पाठीवरून दंडावर यायचा आणि कोपराशी क्षणभर टेकून मग जायचा. एवढंच. लिहिताना ते अगदीच किरकोळ दिसतंय आणि होतंही किरकोळ. पण एकदा लक्षात आल्यावर ते दर वेळी लक्षात यायला लागलं, आणि घरी जाताना गाडीवर मी त्याच एका क्षणाचा कीस काढत बसायला लागले.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर पुढचं सगळं खोटं ठरेल. मला ते नकोसं वाटत नव्हतं. घटस्फोटाला काही वर्षं झाली होती आणि कुणाचा तरी हात आपल्या कोपराशी थांबतो याचं मला बरं वाटत होतं. म्हणजे ‘स्पर्शातलं कळतं’ म्हणणारी मी, त्या स्पर्शाचा अर्थ लावायला बसले तेव्हा तटस्थ नव्हतेच. मला एक उत्तर दुसऱ्यापेक्षा जास्त आवडणार होतं.

माझं मत मुळात आलं कुठून याचा विचार मी पहिल्यांदा तेव्हा केला, आणि लक्षात आलं की ते बरंचसं रंगमंचावरून आलंय. नाटकात स्पर्श वाचता येतो, कारण तो वाचता यावा म्हणूनच आम्ही बसवतो. दोन पात्रांची मिठी साधी हवी असेल तर ती एका वाक्याच्या आत सुटते. तिच्यात प्रेम दाखवायचं असेल तर नटाला सांगितलं जातं, हिचं वाक्य संपेपर्यंत सोडू नकोस, आणि सोडलंस तरी हात लगेच काढू नकोस. मग बाकीच्यांची हालचाल थांबवायची, तेवढ्यावर प्रकाश ठेवून उरलेला रंगमंच हळूच मंद करायचा, नटीने त्या हाताकडे पाहायचं. प्रेक्षकाला ‘कळतं’ ते या सगळ्यामुळे. हात काढून दाखवा आणि नुसता मंद होणारा प्रकाश ठेवा, तरी अर्ध्या प्रेक्षकांना कळेल. आयुष्यात मात्र हाताला दिग्दर्शक नसतो. बहुतेक हात कुठे जाताहेत हे हातवाल्यालाही माहीत नसतं. मी मात्र तालमीतली ही सवय घेऊन घरी जात होते आणि प्रत्येक हालचालीला हेतू चिकटवत होते. गंमत म्हणजे ज्याच्या हातावर मी मनातल्या मनात प्रकाश टाकत होते, तो प्रकाशयोजनाकारच होता.

मग मी वाचायला लागले. मिठी किती वेळ टिकते हे मोजलेलं आहे. डंडी विद्यापीठातल्या एका संशोधिकेने 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंच्या मिठ्या चित्रीकरणावरून मोजल्या. प्रशिक्षकाला, समर्थकाला, प्रतिस्पर्ध्याला मारलेल्या, सगळ्या मिळून दोनशेच्या आत-बाहेर. सरासरी निघाली तीन सेकंद. त्यातही प्रशिक्षकाची मिठी प्रतिस्पर्ध्याच्या मिठीपेक्षा लांब. हे वाचल्यावर मी तालमीत मनातल्या मनात अंक मोजून पाहिले आणि तीन सेकंद हा काळ वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे हे कळलं. नंतर लंडनमधला एक अभ्यास सापडला, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यात तरुण मुलींना डोळे बांधून एक, पाच आणि दहा सेकंदांच्या मिठ्या मारल्या गेल्या, त्याही जवळपास अनोळखी संशोधिकेकडून. एका सेकंदाची मिठी त्यांना सगळ्यांत कमी आवडली. पाच आणि दहा सेकंदांच्या दोन्ही जास्त सुखाच्या वाटल्या. अनोळखी बाईने दहा सेकंद धरून ठेवलं तरी बरं वाटतं, तर ओळखीच्या माणसाने पाच सेकंद धरलं म्हणून मी कसली अनुमानं काढत होते?

लांबीवरून काही ठरत नाही, हे इथे मला पटलं. लांबी ठरते ती बाकी पुष्कळ गोष्टींनी. प्रयोग चांगला झाला की सगळ्यांच्याच मिठ्या लांबतात. कुणाच्या घरी काही झालेलं असलं की लांबतात. दारू असली की तर विचारूच नका. आणि गटागणिक, गावागणिक मोजमाप बदलतं. सिडनी जुरार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात कॅफेंमध्ये बसून जोड्या एकमेकांना तासाभरात किती वेळा हात लावतात ते मोजलं होतं. पोर्टो रिकोच्या सान हुआनमध्ये 180 वेळा, पॅरिसमध्ये 110, फ्लोरिडातल्या एका गावात 2 आणि लंडनमध्ये शून्य. हा काही काटेकोर अभ्यास नव्हता, पण मुद्दा पोचतो: लंडनच्या माणसाने सान हुआनमध्ये कोपरावरच्या एका हाताचा अर्थ लावायला घेतला तर त्याची फसगत ठरलेली. आमचा नाटकाचा गट सान हुआन आहे आणि मी वाढले ते घर लंडन. मी वावरत होते एका ठिकाणी आणि मोजत होते दुसऱ्या ठिकाणच्या फूटपट्टीने.

म्हणून मग मी फूटपट्टी बदलली. तो माझ्याशी कसा वागतो ते बाजूला ठेवून तो इतरांशी कसा वागतो ते पाहायला लागले. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण आपल्याला मिळालेली मिठी आपण आतून अनुभवतो आणि दुसऱ्याला मिळालेली बाहेरून बघतो. आतून ती नेहमी मोठीच भासते. तरी पाहिलं. पुरुषांना तो पाठीवर दोन थापा मारून मोकळा व्हायचा. ही थाप म्हणजे ‘झालं, सुटू या’ अशी खूण असते, हे एकदा लक्षात आलं की प्रत्येक मिठीत दिसतं. जिथे थाप नाही तिथे सुटायची घाई नाही. नेपथ्य करणाऱ्या मैत्रिणीला थाप नव्हती. आमच्या वेशभूषा सांभाळणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. त्यांना तर तो सगळ्यांत जास्त वेळ धरायचा, त्यांचं डोकं खांद्याला टेकवून. म्हणजे लांब मिठी हा त्याचा स्वभाव. माझ्या खात्यावर वेगळं असं काही उरत नव्हतं. फक्त तो दंडावरून कोपरापर्यंत येणारा हात. तो मात्र दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येताना मला दिसला नाही.

शोधायची गोष्ट असलीच तर ती इथे असते: एकूण किती जवळीक आहे यात नाही, तर त्याच माणसाच्या नेहमीच्या वागण्यात आणि आपल्याशी वागण्यात जो फरक उरतो त्यात. आणि तो फरक फक्त मिठीपुरता आहे की बाकीच्या वागण्यातही आहे, यात. मिठी ही फुकट मिळणारी गोष्ट. गटाच्या रिवाजाने आपसूक मिळते. ज्याला काही हवं असतं तो फुकटच्या वेळेपलीकडेही काही करतो: वाट वाकडी करून सोडायला येतो, कारण नसताना फोन करतो, आपण सहज बोललेलं लक्षात ठेवतो, भेटीच्या मिठ्या उरकून गेल्यावर आपण उशिरा पोचलो तर नवीन निमित्त काढतो. आमच्या या मित्राने यातलं काहीही केलं नाही. मी मुद्दाम एकदोनदा उशिरा गेले. त्याने शिडीवरून हात हलवला आणि दिवा फिरवत राहिला.

इतक्या पुराव्यावर कुणीही ‘काही नाही’ म्हणून प्रकरण मिटवलं असतं. एका मैत्रिणीने तेच सांगितलं. पण मला ते मिटवता येईना, आणि त्याचं कारण पुन्हा मीच होते. अँटोनिया अ‍ॅबी या अमेरिकन संशोधिकेचा 1982 चा एक प्रयोग आहे. एक तरुण आणि एक तरुणी पाच मिनिटं गप्पा मारतात, दुसरा एक तरुण आणि तरुणी ते लपून पाहतात. बोलणाऱ्या मुलीच्या वागण्यात मैत्रीपलीकडचं काही पुरुषांना जास्त दिसलं, बायकांना कमी. गप्पा त्याच, मिनिटं तीच. हा अभ्यास पुरुषांच्या गैरसमजाचा दाखला म्हणून सांगितला जातो आणि तसा तो आहेच. मला मात्र त्यातलं दुसरंच लागलं: दिसणं बघणाऱ्यावर अवलंबून होतं. मी त्या पुरुषांच्या जागी होते. मला हवं होतं म्हणून मला दिसत होतं, किंवा खरंच होतं म्हणून दिसत होतं. बाहेरून पाहून या दोन्हींतला भेद मला करता येणार नव्हता. कुठल्याच निरीक्षणाने येणार नव्हता.

शेवटी मी विचारलं. सुदर्शन रंगमंचावर प्रयोग होता, सामान टेम्पोत चढवून झालं होतं, आम्ही दोघं शनिवार पेठेत चहाला थांबलो होतो. मी वाक्य आधी घोकून ठेवलं होतं आणि ते ऐनवेळी विसरले. म्हटलं, ‘तू मिठी मारून झाल्यावर माझा हात धरतोस. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण ते काय असतं?’

त्याने नाही म्हटलं नाही, हसला नाही, ‘कधी?’ असंही विचारलं नाही. बराच वेळ ग्लास फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘थोडंसं आहे. पण ते मला कुठे न्यायचं नाहीये.’ आणि थोड्या वेळाने, ‘तुला कळत असेल असं वाटलं नव्हतं. मलाच नीट कळत नव्हतं.’

म्हणजे माझा अंदाज बरोबर होता? होता. तरी मी मत बदलते आहे. कारण ‘थोडंसं आहे, पण न्यायचं नाहीये’ असं उत्तर माझ्या यादीत नव्हतंच. मी दोनच कप्पे धरले होते: नुसती माया, किंवा मायेपलीकडचं काही. खरं उत्तर दोन्हींच्या मधलं होतं आणि त्यातला महत्त्वाचा भाग, म्हणजे त्याचं न न्यायचं ठरवणं, हा हाताच्या स्पर्शात कुठेच नव्हता. तो त्याने उशिरा आलेल्या मला शिडीवरून नुसता हात हलवला, त्यात होता. शिवाय त्यालाच जे नीट माहीत नव्हतं ते मी त्याच्या बोटांतून वाचणार होते, ही केवढी घमेंड.

त्यानंतर त्याचा हात कोपराशी थांबला नाही. मिठी तशीच राहिली, थाप मात्र आली. मला काही दिवस कोपराशी त्या हाताची उणीव जाणवली, हेही लिहून टाकते.

आता जे अर्धं मत मी ठेवलंय त्याबद्दल. त्याची परीक्षा झाली ती पुढच्याच नाटकाच्या वेळी. आमच्यात एक नवीन मुलगी आली होती, कॉलेज नुकतंच संपलेली. तालमीनंतर थांबून राहिली आणि म्हणाली, ‘ताई, एक विचारू? त्यांच्या मनात काही असेल का?’ ‘ते’ म्हणजे गटातले एक ज्येष्ठ नट. सगळ्यांना पोटाशी धरणारे, सगळ्यांना बाळा म्हणणारे. त्यांच्या मिठीतून तिला लवकर सुटता येत नव्हतं. हात पाठीवर नको तितका खाली राहायचा. तिने आधी आणखी दोघांना विचारलं होतं आणि दोघांनी एकच सांगितलं होतं: अगं, ते सगळ्यांशीच तसे आहेत.

मी स्वतः वापरलेली कसोटीच ती. इतरांशी कसे वागतात ते पाहा, फरक उरतो का ते पाहा. आणि त्या कसोटीवर ते खरंच निर्दोष सुटत होते, फरक शून्य. पण मुलगी जो प्रश्न विचारत होती तो तिचा खरा प्रश्नच नव्हता. मी तिला विचारलं, ‘त्यांच्या मनाचं राहू दे. तुला ती मिठी हवी आहे का?’ तिने प्रश्न संपायच्या आत मान हलवली. नाही.

हे जे उत्तर आलं, ते स्पर्शातलं कळणं. तिथे बाईची चूक होत नाही, पुरुषाचीही होत नाही. आपल्याला नको आहे हे आपल्याला लगेच आणि पक्कं कळतं. चूक होते ती त्यावरून समोरच्याच्या मनात शिरताना. आणि त्या चुकीच्या भीतीने माणसं पहिलं पक्कं ज्ञानही टाकून देतात: ‘त्यांच्या मनात काही नसेल तर मी उगाच बोलल्यासारखं होईल.’ कायद्यानेसुद्धा हा घोळ घातलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात व्याख्येचा भर आहे तो कृती अवांछित होती का यावर. करणाऱ्याच्या मनात माया होती की आणखी काही, हे सिद्ध केल्याशिवाय तक्रारच करता येत नाही, असं तिथे नाही.

मी तिला सांगितलं ते अगदी साधं होतं. मिठी टाळायची तर ती दोन पावलं आधी टाळावी लागते, छातीशी आल्यावर नाही. लांबूनच हात पुढे करायचा, टाळीसाठी किंवा हस्तांदोलनासाठी, आणि हसून, नाव घेऊन नमस्कार म्हणायचं. तरी ओढलंच तर खांदा पुढे करून आडवं उभं राहायचं, दोन थापा मारून लगेच मागे व्हायचं. तरी नाहीच जमलं तर एकच वाक्य: मला मिठी नको, टाळी द्या. कारण सांगायचं नाही. आणि मग बघायचं, ते काय करतात.

कारण मिठीपेक्षा मिठी नाकारल्यानंतरचं वागणं किती तरी जास्त सांगतं. ज्याची नुसती माया आहे तो एकदा बिचकतो आणि पुढच्या वेळी स्वतःच हात पुढे करतो. माझ्या मित्राच्या मनात तर मायेपेक्षा जास्त होतं, तरी एका चहात त्याचा हात बदलला. म्हणून ‘मायेपलीकडचं’ म्हणजे धोक्याचं, हे समीकरणही माझ्यापुरतं गेलं. एखादा ओशाळून पहिल्यांदा विनोद करतो, तेही मी धरत नाही. दुसऱ्यांदा काय होतं ते पाहते.

तिने हात पुढे केला. ते सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, ‘आता आम्ही परके झालो का गं?’ सगळे हसले, तीही हसली. पुढच्या तालमीला पुन्हा हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो हात धरून तिला ओढून घेतलं. त्यानंतर एकदा विंगेत, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, ‘तुझा राग गेला का?’ म्हणत पुन्हा. यातली पहिली गोष्ट ओशाळेपणाची असू शकते. बाकीच्या दोन नाहीत. त्यांच्या मनात काय होतं हे आजही मला माहीत नाही आणि त्याची मला गरजही पडली नाही. मी आणि दिग्दर्शक त्यांच्याकडे गेलो. ते दुखावले, आपण सगळ्यांशीच असे आहोत असं त्यांनी परत परत सांगितलं, आणि आम्ही परत परत म्हणालो की हो, तसेच आहात, पण हिला नको आहे. ते नाटक त्यांनी सोडलं. गटातल्या दोघातिघांना अजून वाटतं की आम्ही एका प्रेमळ माणसाला दुखवलं, आणि ते तसं माझ्या तोंडावर बोलतातही.